पोटभाडे आणि विनापरवाना फलकाबाबत स्मरणपत्र

टिळकवाडी ऑफिसचे भाडेकरू यांस,

आपल्या मागच्या केबिनवर दुसऱ्या फर्मची पाटी दिसते. करारात मनाई नसती, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने पोटभाडे चालले असते. पण आपल्या कराराच्या कलम 9 मध्ये ती मनाई स्पष्ट आहे. ते भागीदार असतील तर भागीदारीपत्राची प्रत द्या, नाहीतर केबिन रिकामी करा.

बाल्कनीवरचा बोर्डही न विचारता लावलाय. त्याचे बोल्ट स्लॅबच्या कडेत आहेत. बेळगावच्या पावसात तिथून पाणी मुरून सळ्या गंजतात. सात दिवसांत काढून भोके ग्राउटने भरा.

नव्या बोर्डाचा नमुना आधी आम्हाला दाखवा, मगच महापालिकेत अर्ज करा. 60 टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्या भागात, लागते. मराठी नाव खाली जाते, हे आम्हालाही खटकते. पण दंड आपल्यालाच बसेल.

– जागामालक