शनिवारी प्लंबर येतोय, रागावू नका

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई विचारते, "जेवलीस का?" आणि बाबा म्हणतात, "बघू." म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू रात्री चप्पल घेऊन झुरळामागे गेलीस आणि मोरीच्या कट्ट्यावरून घसरलीस, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. कोपर आता दुखत नाही असं तू म्हणतेस. पण डाव्या हाताने भाकरी थापताना तू व्हिडिओ कॉलवर दिसलीस.

तर शनिवारी सकाळी दहाला प्लंबर येईल. त्याचे पैसे मी देऊन टाकलेत. स्वयंपाकघरातल्या मोरीची एक शहाबादी फरशी तो उचलणार आहे. बाबा, ती फरशी तुम्ही स्वतः निवडून आणली होती हे मला ठाऊक आहे. कडेने कापून ती अख्खी काढायची, काम झालं की तीच परत बसवायची, असं मी त्याच्याकडून दोनदा कबूल करून घेतलंय. तुटलीच तर तिच्याच जाडीची दुसरी आणून बसवायची, हेही सांगून ठेवलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं हे खरं, पण विचारलं असतं तर दिवाळीपर्यंत "बघू"च झालं असतं.

फरशी का उचलायची ते सांगते. आपल्या जुन्या मोरीचं भोक सरळ पाइपातून बाहेरच्या चेंबरमध्ये उघडतं. मध्ये ट्रॅपच नाही. ट्रॅप म्हणजे पाइपाचा असा वाकडा भाग, ज्यात थोडं पाणी कायम साठून राहतं. साधारण दोन इंच पाणी उभं असलं की गटाराचा वास अडतो आणि झुरळांची वाटही बरीचशी बंद होते. आपल्याकडे ते पाणीच नाही, म्हणून रात्री दिवा बंद झाला की ती मोठी तांबूस झुरळं थेट वर येतात. प्लंबर तिथे नहाणी ट्रॅप बसवेल.

मागच्या न्हाणीघरात मात्र ट्रॅप आहे, तरी तिथूनही येतात. त्याचं कारण, बाबा, तुमची वाटी. जाळीखाली उलटी बसणारी ती वाटी पाणी हळू जातं म्हणून तुम्ही काढून खिडकीत ठेवलीत. आपल्या त्या जुन्या ट्रॅपमध्ये वाटीची कड पाण्यात बुडते, तेव्हाच वाट बंद होते. वाटी नसली की वर फक्त जाळी उरते, आणि जाळीची भोकं एवढी मोठी आहेत की त्यांतून पूर्ण वाढलेलं झुरळसुद्धा चपटं होऊन निघतं. तीन मिलिमीटरची फट त्याला पुरते. पाणी हळू जात होतं ते वाटीमुळे नव्हे, तिच्याभोवती अडकलेल्या केसांमुळे आणि साबणाच्या चिकट थरामुळे. प्लंबर ते साफ करून वाटी परत बसवेल. आता ती काढायची नाही, बाबा. पाणी तुंबलं तर मला फोन करा.

आणखी एक गोष्ट आपल्या सोलापुरी उन्हाची. ते न्हाणीघर पाहुणे आले तरच वापरात येतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ट्रॅपमधलं पाणी आटून जातं आणि वाटी असूनही वाट उघडी पडते. गेल्या वर्षी तुम्ही उन्हाळाभर बेंगळुरूला माझ्याकडे होतात आणि परत गेल्यावर घरभर झुरळं दिसली, ती यामुळेच. आई म्हणाली होती, "कुलूपबंद घर, शिरली कुठून?" मोरीतून आणि न्हाणीघरातूनच शिरली.

याला औषध नको, पाणी हवं. दर रविवारी त्या न्हाणीघरात दोन तांबे पाणी ओतायचं. पाणी वाया जातं असं म्हणू नकोस, आई. नळाला नवं पाणी आलं की पिंपातलं शिळं पाणी तू तशीही काढतेस, त्यातलंच वापर. आणि मे महिन्यात माझ्याकडे येताना (येणारच आहात, तेही ठरलंय) प्रत्येक जाळीत पाणी भरून वर दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाचा थर पाण्यावर तरंगतो आणि ते लवकर आटत नाही. पाणी आहे की नाही हे कळायला बॅटरीचा उजेड आत पाडा. खाली चकाकलं तर आहे. काळं भोकच दिसलं तर ओता. काडी पेटवून मात्र आत बघू नका, गटाराच्या वायूचा भरवसा नसतो.

हे मोठं झुरळ पाण्याखालीही बराच वेळ तग धरतं, त्यामुळे नुसत्या पाण्यावर मी विसंबणार नाही. मोरीच्या नव्या ट्रॅपमध्ये जाळीखाली एक सिलिकॉनची नळी बसेल. तिचे मऊ ओठ पाणी पडलं की उघडतात आणि पाणी गेलं की मिटतात. त्यात भाताचं शीत किंवा केस अडकला तर ओठ अर्धवट उघडे राहतात आणि तिचा काही उपयोग उरत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा ती काढून धुवावी लागेल. बाबा, गुडघ्यावर बसायचं नाही. वर उचलायला कडी असलेलीच मागवलीय, स्टुलावर बसून निघते. हे काम कामवाल्या मावशींना सांगितलं तर उत्तमच.

सिंकखाली पाहिलंत का? तो वळ्यांचा पाइप जमिनीच्या भोकात नुसता खोचलेला आहे आणि भोवती बोटभर फट आहे. वॉशिंग मशीनच्या पाइपाचंही तेच. तिथे रबरी कॉलर बसेल. प्लंबर सिमेंट भरतो म्हणाला तर "नको" म्हणा, पुढे पाइप तुंबला तर काढता येत नाही.

मिक्सरमागे दिसणारी बारीक, फिकट, पाठीवर दोन काळ्या रेघा असलेली झुरळं सहसा गटारातून येत नाहीत. ती खोक्यांतून, पिशव्यांतून घरात येतात, जाळीने थांबणार नाहीत. त्यांच्यासाठी जेलचे ठिपके लावावे लागतील, ते मी आल्यावर बघेन. तोवर फवारा मारायचा नाही. बाबांच्या दम्याला तो सोसत नाही, आई, हे तुला मी सांगायला हवं का?

लहानपणी मोरीत झुरळ दिसलं की मी किंचाळायचे आणि बाबा, तुम्ही त्याला झाडूवर घेऊन अंगणात सोडायचात, मारायचा नाहीत. "त्याला पण घर आहे," म्हणायचात. मला ते अजून पटतं. ते घर गटारात असावं, एवढंच म्हणणं आहे.

शनिवारी प्लंबरला चहा द्या, पण आई, त्याच्यासाठी पोह्यांचा घाट घालू नकोस. मोरी एक दिवस वापरायची नाही, भांडी मागच्या नळावर घासा, तीही मावशींनीच. सिमेंट वाळेपर्यंत त्यावर पाय देऊ नका. काम झालं की मोरीत बादलीभर पाणी ओतून पाच मिनिटं थांबा, मग बॅटरी मारून पाणी उभं राहिलंय का ते बघा. तसंच बाहेर चेंबरपाशी नव्या सांध्यातून ओल येते का तेही बघा आणि दोन्हीचे फोटो मला पाठवा. फोटो आल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.

आणि आई, रात्री झुरळ दिसलं तर दिसू दे. बाबांना हाक मार.

तुमची,
ताई