गजूस, वीस मिनिटांच्या अभ्यासाबद्दल

आर्वी,
रविवार, दुपार

प्रिय गजू,

तुझं पत्र वाचलं. महसूल खात्याच्या विभागीय परीक्षेचा फॉर्म भरून बसलास आणि आता म्हणतोस, अभ्यासाला वेळ कुठून आणू. सकाळी साडेसातची यष्टी, रात्री आठला घरी, मग गोठा, पोरांचा होमवर्क. आपण दोघंही अपडाऊनवाले, त्यामुळे तुला वेगळं काय सांगू? ‘पहाटे चारला ऊठ’ असं मी सांगणार नाही. मी उठून पाहिलं आहे. चौथ्या दिवशी ऑफिसात फेरफाराच्या अर्जावर डोकं टेकवून झोपलो होतो.

मागच्या वर्षी मी रोजच्या वीस मिनिटांवर हा पेपर काढला. पण आधी एकदा साफ आपटलो होतो, आणि तुझ्या कामाचं आहे ते आपटणंच.

पहिली चूक वाचण्याची. मी महसूल संहिता घेऊन बसायचो आणि पिवळ्या पेनानं रंगवत तेच पान तीनदा वाचायचो. सगळं ओळखीचं वाटायचं. आठवड्यानं कुणी विचारलं की कोरा. अमेरिकेत 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणजे वाचल्यावर जे ‘आलं, आलं’ वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं.

म्हणून मी चिठ्ठ्यांवर आलो. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकारानं 1972 मध्ये ही रीत मांडली. एका बाजूला प्रश्न, मागं उत्तर. बरोबर आलं तर चिठ्ठी लांबच्या तारखेला जाते, चुकलं तर परत पहिल्या गठ्ठ्यात. माझे गठ्ठे चार आहेत, प्रत्येकाला रबरबँड: उद्याचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा आणि पंधरा दिवसांचा. चौथ्यातूनही बरोबर सुटली की ती बुटाच्या खोक्यात. खोका परीक्षेच्या महिनाभर आधी उघडायचा.

चिठ्ठ्यांसाठी आधी जुन्या लग्नपत्रिका कापल्या. फुकटचा माल! पण त्या गुळगुळीत कागदावर बॉलपेन घसरतं, आणि मागं तर ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की या’ छापलेलं. शेवटी स्टेशनरीच्या दुकानातून कार्डशीट आणली आणि एकीचे सोळा तुकडे केले.

चिठ्ठीवर काय लिहायचं यात खरी मेख आहे. माझी पहिली चिठ्ठी होती, ‘कलम 150 म्हणजे काय?’ मागं अख्खा परिच्छेद. अर्धं आठवायचं, अर्धं नाही. मग ती बरोबर धरायची की चूक? मन आपलं लबाड, ते बरोबरच धरतं. ती फाडून तीन केल्या. एक: ‘म्हातारी वारली, शेत तीन मुलांच्या नावावर यायचं. तलाठ्याला किती दिवसांत कळवायचं, कोणतं कलम?’ मागं फक्त ‘तीन महिने, 149’. दुसरी: ‘तलाठी ती नोंद फेरफार नोंदवहीत कोणत्या कलमाखाली घेतो?’ मागं ‘150’. तिसरी: ‘सातबारावर नाव लिहिताना नुसती लेखनाची चूक झाली, दुरुस्ती कोणत्या कलमानं?’ मागं ‘155’. ही 150 आणि 155 ची जोडी माझ्या डोक्यात सारखी अदलाबदल व्हायची, तेव्हा चौथी चिठ्ठी दोघींना समोरासमोर ठेवणारी केली: ‘नवी नोंद की जुनी चूक?’ गोंधळ मिटला. रोज टेबलावर येणाऱ्या प्रकरणांवरूनच प्रश्न काढ, म्हणजे नुसता आकडा पाठ करावा लागत नाही.

आता माझं आपटणं ऐक. उत्साहात मी रोज दहा नव्या चिठ्ठ्या सुरू केल्या. पहिला आठवडा मजेत गेला. तिसऱ्या आठवड्यात गठ्ठा हातात मावेना. प्रत्येक नवी चिठ्ठी चार वेळा परत येते, हा हिशेब मी केलाच नव्हता. रोज दहा नव्या म्हणजे चारेक आठवड्यांनी रोज चाळीस जुन्या दारात उभ्या, त्यात चुकलेल्या धरून पन्नास. एकीला वीस सेकंद धर, सतरा मिनिटं तिथंच संपली. नव्या लिहायला आणखी वीस-पंचवीस. पहिले पंधरा दिवस हे दिसतच नाही, कारण लांबच्या गठ्ठ्यांची पाळी आलेली नसते. तेवढ्यात पुतणीचं लग्न आलं. नऊ दिवस खाडा झाला, शंभरावर चिठ्ठ्या तुंबल्या, आणि मी सगळे गठ्ठे कपाटावर ठेवून दिले. दोन महिने!

पाच नव्या घेतल्या तर हाच हिशेब वीस मिनिटांत बसतो. जुन्या वीस, चुकलेल्या पाचेक, म्हणजे आठ-नऊ मिनिटं. पाच नव्या वाचून लिहायला दहा-अकरा. शनिवार-रविवारी नवं काही नाही, फक्त जुनी उजळणी. पाचही जास्त वाटल्या तर तीन कर, पण सहा करू नकोस. आणि खाडा पडला तर आधी नव्या बंद. आजचं आणि तुंबलेलं धरून रोज पंचवीसच काढ, उद्याच्या गठ्ठ्यातल्या आधी, कारण त्याच सगळ्यात लवकर विसरतात. पंधरा दिवसांवाल्या चार दिवस उशिरा आल्या तर काही बिघडत नाही. तुंबलेलं संपेपर्यंत पुस्तक उघडायचं नाही.

जागेचं सांगतो. लिहिणं मी घरीच करतो, चहा उकळेपर्यंत आणि नंतर थोडं. उजळणी गाडीत. पण हलत्या यष्टीत खाली मान घालून वाचलं की खरांगणा यायच्या आत मळमळतं; कान सांगतो गाडी हलते, डोळा सांगतो कागद स्थिर आहे, आणि पोट दोघांवर रागावतं. म्हणून प्रश्नावर एक नजर टाकायची, खिडकीबाहेर कपाशीकडं पाहत उत्तर मनात पूर्ण म्हणायचं, आणि मगच चिठ्ठी उलटायची. ‘हं, माहीत आहे’ म्हणत उलटवलीस तर ते परत वाचणंच झालं. उभं राहून जायची पाळी आली तर चिठ्ठ्या खिशात, आणि कालच्या पाच बिनचिठ्ठीच्या आठवायच्या. कंडक्टर पहिल्या दिवशी म्हणाला, “काऊन बाप्पा, एकट्यानंच पत्ते?” आता तोच कधीकधी चिठ्ठी काढून मला विचारतो, आणि चुकलो की आख्ख्या गाडीला सांगतो.

या रीतीची मर्यादाही सांगून ठेवतो. कलमं, मुदती, अपील कुणाकडं, एवढं यात पक्कं बसतं. निकालपत्राचा मसुदा लिहिता येणं यातून येत नाही. त्यासाठी मी रविवारी एक जुना प्रश्न घेऊन पूर्ण उत्तर लिहायचो, तो तास वेगळा.

दोन कार्डशीट कापून गावच्या पोराजवळ पाठवतो आहे, बत्तीस तुकडे आहेत. येत्या रविवारी फोन करीन आणि म्हातारीच्या वारस नोंदीचं विचारीन. तोवर हे पत्र उघडून पाहायचं नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या