डोकेदुखी जुनी की नवी, हे आधी पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ब्रेन ट्यूमरच्या लक्षणांची चौकट आली होती. डोकेदुखी, उलट्या आणि अंधुक दिसणे ही त्यातली पहिली तीन. त्यानंतर ते कात्रण खिशात घेऊन पेशंट येऊ लागले आणि ‘डॉक्टर, एमआरआय लिहून द्याच’ असा आग्रह सुरू झाला. चौकटीत चुकीचे काही नव्हते. अडचण अशी, की साध्या अर्धशिशीतही ही तिन्ही लक्षणे एकत्र येऊ शकतात, आणि अर्धशिशी ट्यूमरपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळते. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एका शिक्षिकेचे उदाहरण घेतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय चौतिशीचे. कॉलेजपासून महिन्यातून दोन-तीनदा डोके धरते. अर्धे डोके ठणकते, कधी डावे, कधी उजवे. उजेड नको, रेडिओ नको, फोडणीचा वास नको. जिना चढला की कळ वाढते. शेवटी उलटी होते, झोप लागते आणि दुसऱ्या दिवशी बाई शाळेत हजर. पाळीच्या आधी, संकष्टीच्या उपवासाला आणि उन्हातून आल्यावर हमखास. घरात याला ‘पित्त’ म्हणतात. आईलाही हेच पित्त होते. चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकणारी, मळमळीची, हालचालीने वाढणारी ही ठणक म्हणजे अर्धशिशी. तिचे निदान या हकिकतीवरच होते. रक्तदाब, चाल, हातापायांची ताकद पाहिली, ऑफ्थाल्मोस्कोपने डोळ्याचा पडदा पाहिला. मेंदूवरचा दाब वाढला असेल तर तिथे दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी सहसा सूज दिसते. बाईंचे सगळे ठीक होते.

अशा पेशंटच्या स्कॅनमध्ये गंभीर काही सापडण्याचे प्रमाण हजारात दोनच्या आसपास, म्हणजे डोके न दुखणाऱ्या माणसाएवढेच. ‘मग करून टाकायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न रास्त आहे. बाईंनी तो विचारला आणि दुसरीकडून एमआरआय करूनही घेतला. रिपोर्टमध्ये ‘नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज’ असे आले. म्हणजे मेंदूच्या पांढऱ्या भागात काही बारीक ठिपके. अर्धशिशीवाल्यांमध्ये ते अनेकदा दिसतात आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यांना पिकलेल्या केसांपेक्षा जास्त महत्त्व नसते. पण बाईंनी मोबाइलवर शोधले, तिथे पक्षाघातापासून मल्टिपल स्क्लेरोसिसपर्यंत सगळे निघाले. मग दुसरा डॉक्टर, पुन्हा एमआरआय, आणि मधल्या काळात झोप उडालेली.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे मध्यमवयीन आणि वृद्ध अशा 2000 जणांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्वसामान्य लोकांतून घेतलेले, त्यांपैकी 1.8 टक्के लोकांच्या रक्तवाहिनीवर फुगा निघाला, 1.6 टक्क्यांना साध्या गाठी, आणि सुमारे 7 टक्क्यांना कधी होऊन गेल्याचे कळलेही नव्हते असे छोटे इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेंदूचा बारीक भाग निकामी झाल्याच्या खुणा. एकदा फुगा दिसला की तो विसरता येत नाही. शस्त्रक्रिया करायची की लक्ष ठेवायचे, हा घोर माणूस आयुष्यभर वाहतो, आणि डोकेदुखीशी त्याचा बहुधा काही संबंध नसतो.

बाईंचे डोके अलीकडे जवळजवळ रोज दुखू लागले होते. दुखण्याची रीत बदलली की मीही सावध होतो. पण स्कॅनच्या आधी गोळ्या मोजायला सांगितल्या. मेडिकलमधून आणलेली, दोन-तीन औषधे एकत्र असलेली वेदनाशामक गोळी त्या कित्येक महिने दिवसाआड घेत होत्या. अशी मिश्र गोळी महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, साधे पॅरासिटामॉल पंधरा किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले की गोळीच डोके दुखवू लागते. हे कोणत्याही फिल्मवर दिसत नाही. गोळी बंद केल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे दुखणे वाढते, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे आणि सोबत अर्धशिशी रोखणारे औषध सुरू करावे. बाईंचे दुखणे त्यानंतर पूर्वीच्या दोन-तीन दिवसांवर आले.

आता दुसरी बाजू, कारण इथे चालढकल जिवावर बेतते. डोके एकदम, एका मिनिटाच्या आत शिगेला पोचेल असे दुखले, ‘कुणीतरी डोक्यात घाव घातला’ असे माणूस म्हणाला, तर मेंदूभोवती रक्तस्राव झाला असल्याची शंका घ्यायची आणि त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठायचे. गोळीने बरे वाटले तरीही. पहिल्या सहा तासांत चांगल्या मशीनवर काढलेल्या साध्या सीटीत हे रक्त जवळजवळ नेहमी दिसते. पुढे ते पातळ होत जाते आणि सीटी नॉर्मल आला तरी पाठीतले पाणी तपासावे लागते. ‘सकाळी बघू’ म्हणून घालवलेली रात्र अशी महाग पडते.

बाळंतिणीचे डोके दुखले की आपल्याकडे ‘वारं लागलं, कान बांधले नाहीत’ म्हणतात. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर आधी रक्तदाब मोजावा, कारण प्रसूतीनंतरही तो धोकादायक वाढू शकतो. दुसरी भीती मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याची. त्यात साधा सीटी नॉर्मल येऊ शकतो. शिरा दाखवणारी वेनोग्राफी लागते. कण्यात भूल दिल्यानंतर बसले की दुखणारे आणि आडवे झाले की थांबणारे डोके वेगळे, त्याला बहुधा स्कॅन लागत नाही.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी अर्धशिशी समजू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले आजोबा महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले असतील तर सीटी हवाच, टेंगूळ आले नसले तरी. कानशीळ हाताला दुखत असेल आणि भाकरी चावताना जबडा थकत असेल तर मात्र एमआरआयच्या रांगेत थांबू नका. ही रक्तवाहिनीची सूज असू शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या त्याच दिवशी कराव्यात आणि शंका दाट असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात, नाहीतर डोळा जाऊ शकतो.

फिट येणे, एका बाजूची ताकद जाणे, तापासोबत मान आखडणे, कॅन्सरचा किंवा एचआयव्हीचा जुना इतिहास, खोकताना किंवा वाकताना वाढणारे आणि आठवड्यागणिक चढत जाणारे दुखणे, यांत वाद नाही, तपासणी लगेच.

एक गोष्ट पेशंटच्या हातात आहे. स्कॅनच्या चिठ्ठीवर आम्ही डॉक्टर पुष्कळदा नुसते ‘हेडेक’ लिहून मोकळे होतो. मग रेडिओलॉजिस्टला शिरा पाहायच्या की धमन्या, हे कळत नाही आणि नको ती तपासणी होते. चिठ्ठीवर तो एकच शब्द दिसला तर खुर्चीतून उठण्याआधी विचारा: डॉक्टर, या स्कॅनमध्ये तुम्ही नेमके काय शोधणार आहात?

आपला,
एक फिजिशियन, सांगली जिल्हा