चि. मुक्ता, तुझ्या आठवड्याचा हिशेब

सोलापूर, रविवार रात्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

गड्ड्याच्या जत्रेच्या आदल्या रात्री "दिवसभर करतेस तरी काय" असं मी म्हणायला नको होतं. सकाळी तू हुतात्मा एक्सप्रेस पकडून निघून गेलीस, शेंगाचटणीची पिशवी ओट्यावरच राहिली. तरीही तू आठवड्याची नोंद पाठवलीस. मी ती दोनदा बेरीज करून पाहिली. झोपेबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही, आईला तसा शब्द दिलाय.

बेत ४५ तास अभ्यासाचा होता, झाले २९. सहा दिवस सकाळी ६ ते साडेआठ म्हणजे १५ तास, त्यातले ४ झाले. दुपारी २ ते ५ च्या १८ पैकी १३. संध्याकाळी ६ ते ८ चे १२ पूर्ण. म्हणजे १६ तासांच्या तुटीतले ११ एकट्या सकाळचे. हे पाहून कुणीही म्हणेल, पोरगी उठत नाही. मीही तेच म्हणालो. पण तूट ज्या खणात दिसते, तिथे तिचं कारण बहुतेक वेळा नसतं. त्याच्या आधीचा खण बघावा लागतो.

तुझ्या बेतात रात्री साडेनऊ ते साडेदहा लेक्चर आहे. प्रत्यक्षात डबा आला पावणेदहाला, लेक्चर सुरू झालं सव्वादहाला आणि संपलं सव्वाबाराला. तासाभराचं लेक्चर थांबवत, टिपणं काढत ऐकलं तर दोन तास लागणारच. सहा दिवसांत सहा तास जादा काम तू केलंस आणि त्याचं श्रेय कुठल्याच रकान्यात घेतलं नाहीस. मग एकला झोप, सातला जाग. सहा तास, मुक्ता. मागच्या पावसाळ्यात डॉक्टर काय म्हणाले होते... असो.

दुपारचं कोडं सोपं आहे. बेतात जेवण २ ला संपतं आणि अभ्यास २ लाच सुरू होतो. मेसमधून अभ्यासिकेपर्यंत चालणं, जागा शोधणं, वही उघडणं याला खणच नाही. रोजची ५० मिनिटं, सहा दिवसांत बरोबर ५ तास. ल्युबिश्चेव नावाच्या रशियन कीटकशास्त्रज्ञांनी १९१६ पासून १९७२ मध्ये जाईपर्यंत स्वतःच्या वेळेचा हिशेब ठेवला. तेही असे मधले खंड वजा करून निव्वळ वेळच धरत. तूही तसंच कर, आकडा लहान दिसला तरी.

आता नोंदीतल्या चुका. बुधवार-गुरुवारचे संध्याकाळचे खण बेताशी मिनिटागणिक जुळतात. खरा दिवस असा कधीच जुळत नाही. ते तू रात्री आठवून लिहिलंस, आणि आठवण नेहमी बेताच्या बाजूने झुकते. दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा आणि झोपण्याआधी, असं तीनदा लिही. अर्ध्या तासाचा खण पुरे. शुक्रवारी तू बेतातलाच खण ओढून पुढे सरकवलास, त्यामुळे मूळ बेत काय होता तेच पुसलं गेलं. गुगल कॅलेंडरमध्ये 'प्रत्यक्ष' नावाचं वेगळं कॅलेंडर कर, रंग वेगळा ठेव आणि बेताला हात लावू नकोस. आठवड्याचे तास १६८, तुझी बेरीज १५९. ते ९ तास कुठे गेले हे मी विचारत नाही, पण 'माहीत नाही' असा रकाना तरी असू दे. आणि खण हुकला की कारण लिही. यंत्रमाग थांबला की नोंदवहीत ताणा तुटला की वीज गेली हे लिहितात. नुसतं 'बंद' लिहिलं तर दुरुस्ती कशाची करायची?

पुढच्या आठवड्यात पुन्हा ४५ लिहू नकोस. सकाळी साडेसात ते नऊ, दुपारी ३ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. सहा दिवसांचे ३३ होतात. २९ वरून तेवढंच चढावं. लेक्चर ८ ते १०, मग डबा, आणि ११ ला दिवा बंद. बघ, पुन्हा झोपेवर आलो. आणि तुझं वेळापत्रकही मीच लावून बसलो. चुकलं माझं, तुला हवं तसं बदल. दादालाही हेच सांगत होतो, त्याने मनावर घेतलं नाही. तू निदान लिहून पाठवलंस. अक्काला दाखवलं तर म्हणाली, ही तुझ्यावर गेलीय.

एका आठवड्यावरून निकाल लावू नकोस. आपण लिहितोय या जाणिवेनेच पहिल्या आठवड्यात माणूस जरा नीट वागतो. तीन रविवार झाले की कोणती तूट रोजची आणि कोणती त्या आठवड्यापुरती हे दिसेल. बेरजेला रविवारी अर्धा तास पुरतो.

चटणी आणि कडक भाकरी कुरिअरने पाठवतोय. पुढच्या रविवारची नोंद पाठव. झोपेचा रकाना नसला तरी चालेल. असला तर बरं.

तुझे बाबा