दार आत येतं की बाहेर जातं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांसाठी कालच्या पुरवणीत आलेला लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही. कानात दडे बसू नयेत म्हणून काय चघळावं याला अख्खा परिच्छेद, खिडकीतून फोटो कसे काढावेत याला दुसरा. सुरक्षा सूचनांबद्दल मात्र 'त्या ठरावीकच असतात' एवढंच. आणि ठळक चौकटीत सल्ला काय, तर आपत्कालीन दाराजवळची जागा मिळाली तर सोडू नका, पाय ऐसपैस पसरता येतात!

मी 22 वर्षं केबिन क्रू होते. शेवटची काही वर्षं नव्या मुलामुलींना हेच शिकवत होते, त्यामुळे त्या चौकटीवरून पुढे सरकणं मला जमलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी प्रवासी म्हणून मी नेमकी त्याच रांगेत होते. खिडकीशी एक तरुण, कानात हेडफोन. मधल्या जागेवर पन्नाशीचे एक गृहस्थ, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. क्रूमधली मुलगी आली आणि गरज पडली तर दार उघडाल ना, असं तिनं विचारलं. तरुणानं मान हलवली. मान चालत नाही, तोंडानं होकार लागतो, म्हणून तिनं पुन्हा विचारलं. 'हो हो' म्हणताना त्यानं एक हेडफोन दोन बोटं वर उचलला, तेवढीच मेहेरबानी. गृहस्थ मात्र समोरच्या खिशातलं कार्ड काढून वाचत बसले होते. थोड्या वेळानं मला म्हणाले, "ताई, हे दार आत येतं की बाहेर जातं?"

तरुण हसला. माझ्या 22 वर्षांत त्या रांगेतल्या एकाही प्रवाशानं मला हा प्रश्न विचारला नव्हता.

पण तो हसण्यासारखा नव्हता, कारण उत्तर प्रत्येक विमानात सारखं नसतं. पंखावरचं दार हे बऱ्याचदा बिजागरीचं दार नसतंच, भिंतीत बसवलेलं झाकण असतं. बोइंग 737 च्या अलीकडच्या विमानांत मूठ ओढली की ते आपोआप बाहेर आणि वर उघडतं. आम्ही बसलो होतो त्या एअरबस 320 मध्ये वरची मूठ खाली ओढली की सुमारे 15 किलोचं ते झाकण सुटतं आणि आत, तुमच्या अंगावर कलतं. खालच्या खाचेत दुसरा हात घालून ते तोलायचं आणि बाहेर फेकून द्यायचं. आत ठेवलंत तर ज्या वाटेनं लोकांना जायचंय, तीच अडवलीत.

22 ऑगस्ट 1985 रोजी मँचेस्टरच्या धावपट्टीवर 737 चं इंजिन फुटून आग लागली, तेव्हा याच झाकणापाशी मोलाची सेकंदं गेली. विमान थांबल्यावर खिडकीजवळच्या प्रवासी बाईनं दार उघडण्यासाठी ओढला तो आपल्या खुर्चीचा हात. तो त्या झाकणालाच बसवलेला होता. शेजारणीनं हात लांब करून खरी मूठ ओढली, तर 22 किलोचं झाकण आत कोसळलं आणि खिडकीजवळची बाई त्याखाली अडकली. मागच्या रांगेतल्या एकानं मदत केली तेव्हा ते बाजूला झालं. विमान थांबल्यापासून ती वाट मोकळी व्हायला सुमारे 45 सेकंदं लागली. त्या दुर्घटनेत 55 जण गेले, बहुतेक धुरानं. त्या दोघींची चूक नव्हती. झाकण कुठे जाणार हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलेलंच नव्हतं.

हे मी त्या गृहस्थांना सांगितलं, अर्थात आकडे वगळून. पहिल्याच प्रवासात माणसाला किती घाबरवायचं! मग आम्ही उजळणी केली. मूठ कुठे आहे ते हात न लावता डोळ्यांनी शोधायचं. क्रूचा आदेश आल्याशिवाय काही करायचं नाही. आदेश आला तरी आधी खिडकीतून बाहेर बघायचं. ते म्हणाले, "बघायचं काय?" आग, धूर, दाराच्या खालच्या कडेच्या वर आलेलं पाणी. यातलं काही दिसलं तर ते दार बंदच ठेवायचं आणि लोकांना दुसऱ्या दाराकडे वळवायचं. दार उघडणं जितकं तुमचं काम, तितकंच न उघडणंही. बाहेर पडताना आधी एक पाय, मग धड, मग दुसरा पाय, आणि पंखावर रंगवलेल्या बाणांनी मागच्या बाजूला. एवढ्यात क्रूनं तरुणाच्या पायाशी असलेली बॅग वरच्या कप्प्यात ठेवायला लावली. तो चिडला. पाय पसरायलाच तर जागा घेतली होती! त्याला तुमची चौकट वाचूनच ही जागा सुचली असेल असं म्हणत नाही, पण भाषा तीच होती.

आता तुमच्या लेखातलं चित्र. 'धडकेच्या वेळची स्थिती' म्हणून जो माणूस काढलाय, त्याची बोटं मानेमागे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि पाय पुढे ताणलेले. पाय पुढे असले तर धक्क्यानं नडग्या समोरच्या खुर्चीवर आपटतात, आणि नडगी मोडलेला माणूस दारापर्यंत चालत जात नाही. पावलं जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या थोडी मागे. डोकं समोरच्या खुर्चीला टेकवलेलं, म्हणजे ते झटक्यानं जाऊन आदळत नाही. हात डोक्यावर, एकावर एक, बोटं न गुंतवता. जो हात जास्त चालतो तो खाली, कारण पट्टा नंतर त्यानंच सोडायचाय. पट्टा पोटावर नको, ओटीपोटाच्या हाडांवर आणि घट्ट. त्या ऐसपैस रांगेत समोरची पाठ लांब असते, तिथे डोकं टेकतच नाही. मग पुढे वाकून पाय धरावे लागतात, नेमके कसे ते त्या विमानाच्या कार्डावर असतं. आणि पहिल्या धक्क्यानंतर उठायचं नाही, धक्के एकाहून जास्त बसतात. विमान पूर्ण थांबेपर्यंत तसंच राहायचं.

पट्ट्याचंही सांगते. गाडीत बटण दाबून पट्टा सुटतो, विमानात झडप वर उचलावी लागते. घाबरलेला हात सवयीनं कमरेशी बटण शोधत राहतो. बसल्या बसल्या दोनदा लावून-सोडून बघितलं की झालं. गृहस्थांनी चारदा बघितलं. विमान उतरण्याआधी मागच्या दारापर्यंतच्या रांगाही मोजल्या, धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो म्हणून.

जाता जाता आणखी एक. तुमच्या लेखात क्रूला तीन ठिकाणी 'हवाईसुंदरी' म्हटलंय. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या विमानातून सगळेच्या सगळे 379 जण बाहेर काढले, तेव्हा आतली ध्वनियंत्रणा बंद पडली होती आणि आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी होती. ती तीन कोणती, हे क्रूनं ठरवलं. त्यांच्या सौंदर्याविषयी मला काही माहिती नाही.

गेल्या वेळी माझं पत्र निम्मं कापून छापलंत. या वेळी हवं तर सगळंच कापा, पण त्या चित्रातल्या माणसाचे पाय तेवढे मागे घ्या.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त केबिन क्रू