नकाराच्या मेलला उत्तर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फार बोलली नाहीस, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ज्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागासाठी तू मुलाखत दिलीस, तशाच विभागात मी बावीस वर्षे काम केले आणि मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बऱ्याचदा बसलो. त्या बाजूने काय दिसते, ते तुला ठाऊक असावे असे वाटते.

नकाराचा मेल आला की बहुतेक मुले तो बंद करून टाकतात. तू तसे करू नकोस. एक-दोन दिवसांत, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांच्या लक्षात तू असेपर्यंत, ज्यांनी तो मेल पाठवला त्यांनाच उत्तर लिही. मात्र ‘माझी निवड का झाली नाही?’ असे विचारू नकोस. या प्रश्नात जाब विचारल्याचा सूर येतो, उत्तर देणारा सावध होतो आणि ‘अधिक योग्य उमेदवार मिळाला’ एवढ्यावर सुटका करून घेतो. पुढे काय करावे हे विचारले, तर माणूस मोकळेपणाने सांगतो. तू इंग्रजीत लिहिशील, पण आशय असा ठेव: ‘वेळ दिल्याबद्दल आभार. आपला निर्णय मला मान्य आहे. याच प्रकारच्या कामासाठी मी पुन्हा तयारी करणार आहे. तांत्रिक फेरीतील कोणत्या एका विषयावर मी अधिक मेहनत घ्यावी, हे आपण सांगू शकलात तर मदत होईल.’ प्रश्न एकच असावा. काही कंपन्यांत असे अभिप्राय न देण्याचाच नियम असतो, त्यामुळे उत्तर आले नाही तर आठवड्याने एकदाच आठवण कर आणि मग तो विषय सोडून दे. उत्तर आले आणि पटले नाही, तरीही फक्त आभार मान. मी आमच्या विभागात असताना एका मुलाने आमच्या अभिप्रायावर दोन पानी खुलासा पाठवला होता. त्याच्या चार गोष्टी बरोबरही होत्या, पण पुढच्या भरतीच्या वेळी त्याला बोलवावे असे कोणाच्या मनात आले नाही.

अभिप्राय बहुधा मोघम येतो. ‘विश्लेषणाची पद्धत कच्ची वाटली’ असे एक वाक्य आले, तर त्यातून काय घ्यायचे? इथे तुझी वही उपयोगी पडते. मुलाखतीहून परतताच, आठवते आहे तोवर, विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि तू दिलेले उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवायचे. तू फोनवर सांगितलेला एक प्रश्न मी माझ्याकडे उतरवून घेतला आहे. बोअरचा, म्हणजे नगातल्या गोल छिद्राचा, व्यास २५.०० ते २५.०६ मिलिमीटर हवा. नगांची सरासरी २५.०५ येते आणि प्रमाण विचलन ०.००५ आहे, सीपीके, म्हणजे सरासरी जवळच्या मर्यादेपासून पुरेशी दूर आहे का याचे माप, कमी आहे, तर काय कराल? तू म्हणालीस, मशीनची क्षमता नाही, मशीन बदलावे लागेल.

आता आकडे मांडून पाहा. मर्यादांमधले अंतर ०.०६, त्याला सहा विचलनांनी, म्हणजे ०.०३ ने भागले की सीपी, म्हणजे नगांचा पसारा मर्यादांमध्ये किती मावतो याचे माप, २ येतो. मशीन उत्तम आहे, नगानगातला फरक अगदी थोडा आहे. पण सरासरी वरच्या मर्यादेपासून फक्त ०.०१ अंतरावर आहे, त्याला तीन विचलनांनी, म्हणजे ०.०१५ ने भागले की सीपीके ०.६७ निघतो. दोष पसरण्याचा नाही, सरकण्याचा आहे. मध्य २५.०३ आहे, म्हणून आधी मोजण्याचे गेज तपासायचे, मग टूलचा ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची मशीनवरची दुरुस्ती, व्यासात ०.०२ ने कमी करायचा आणि पुढचे नग मोजून सरासरी मध्यावर आली का ते पाहायचे. लाखोंचे मशीन बदलण्याऐवजी काही मिनिटांचे काम. सूत्रे तुला पाठ होती, हे मला माहीत आहे. दोन आकडे शेजारी ठेवून वाचण्याआधीच तू उपाय सांगितलास, आणि ‘पद्धत कच्ची’ याचा अर्थ बहुधा एवढाच असावा.

म्हणून पुढच्या तयारीत नवी पुस्तके वाढवू नकोस. तुझ्या प्रकल्पातल्या तीन अडचणी घे आणि प्रत्येक अडचण मोठ्याने बोलून सोडव: आधी मोजमाप खरे आहे का, मग आकडे काय सांगतात, मग कारण, आणि उपाय सर्वांत शेवटी. मुलाखतीतही हाच क्रम उच्चारून सांग. उत्तर चुकले तरी समोरच्याला तुझा विचार दिसतो आणि तो तिथल्या तिथे सावरायला मदत करतो. मी स्वतः कित्येकदा केली आहे. एका अभिप्रायावरून सगळेच बदलू नकोस. तीच गोष्ट दुसऱ्या ठिकाणीही ऐकू आली, तर ती पक्की समज. ‘पद भरणे तूर्त थांबवले आहे’ असे उत्तर आले, तर त्यात तुझ्यासाठी दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

मेलचा मसुदा आज रात्री मला पाठव. रविवारी येशील तेव्हा ती वही आण. गेज तपासण्याच्या प्रश्नापासून बसू. आईने तुझ्यासाठी थालीपिठाची भाजणी दळून ठेवली आहे.

तुझे,
बाबा