धनादेशावरचा एक शब्द आणि दोन रेघा

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या घराच्या अनामत रकमेचा ६०,००० रुपयांचा धनादेश तू घरमालकांना देणार आहेस, असे तू काल फोनवर सांगितलेस. आयुष्यातला हा तुझा पहिलाच धनादेश असल्याने तो लिहिण्याआधी हे पत्र वाचावेस, अशी माझी इच्छा आहे.

चेकबुकातले पान नीट पाहिलेस, तर नावासाठी सोडलेल्या ओळीच्या शेवटी ‘या धारक को’ आणि त्याच अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले दिसतील. हे शब्द तसेच राहू दिले की तो बेअरर, म्हणजे वाहक धनादेश होतो, आणि तो खिडकीवर घेऊन येईल त्याला बँक रोख पैसे देऊ शकते. मी रोखपाल असताना असाच एक १८,५०० रुपयांचा धनादेश एका माणसाने आणला होता. सही जुळत होती, तारीख योग्य होती आणि खात्यात शिल्लकही होती. मागच्या बाजूला त्याची सही घेऊन मी पैसे दिले. दुसऱ्या दिवशी खातेदार धावत आले. धनादेश त्यांच्या नोकराच्या खिशातून पडला होता. बँकेने कायद्याप्रमाणेच पैसे दिलेले असल्यामुळे त्यांना काहीही परत मिळाले नाही. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणूनच एवढ्या तपशिलाने लिहिते आहे.

‘धारक’ हा छापील शब्द पेनाने खोडला की तोच धनादेश ऑर्डर चेक होतो. आता पैसे नाव लिहिलेल्या व्यक्तीला, किंवा तिने मागे सही करून ज्याच्या नावे तो फिरवला असेल त्याला मिळतात, आणि खिडकीवर ओळख पटवावी लागते. मात्र एवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. सापडलेल्या धनादेशाच्या मागे कोणी घरमालकांची खोटी सही केली आणि ती वरकरणी रीतसर दिसली, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधील कलम ८५ पैसे देणाऱ्या बँकेला संरक्षण देते. नुकसान मग ज्याचे त्याने सोसायचे.

क्रॉसिंग ही याहून वेगळी गोष्ट आहे, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. धनादेशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन समांतर तिरप्या रेघा ओढल्या की खिडकीवर रोख मिळणे बंद होते; रक्कम कोणत्या तरी खात्यातच जमा होते, त्यामुळे ती कोणाकडे गेली याचा माग राहतो. पण ते खाते घरमालकांचेच असेल, असे नुसत्या रेघा सांगत नाहीत, कारण असा धनादेश मागे सही करून दुसऱ्याच्या नावे करता येतो. म्हणून त्या रेघांच्या मधे ‘अकाउंट पेयी’ असे लिही. मग ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्याच खात्यात पैसे जमा करणे, ही जमा करून घेणाऱ्या बँकेची जबाबदारी होते. तुझ्या धनादेशावर हे शब्द आणि रेघा असाव्यातच, शिवाय ‘धारक’ हा शब्दही खोड. त्यानंतर तो रस्त्यात पडला, तरी सापडणाऱ्याला त्याचा सहजी उपयोग होणार नाही.

लिहिताना आधी रेघा ओढ आणि सही सर्वांत शेवटी कर. नाव घरमालकांना विचारून त्यांच्या बँक खात्यावर आहे तसेच लिही. अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी डाव्या टोकापासून सुरू करून ‘साठ हजार रुपये मात्र’ अशी लिही आणि उरलेल्या जागेत रेघ मार. आकड्यांच्या आधीही जागा सोडू नकोस, कारण मोकळ्या जागेत एक अंक वाढवला आणि तो फेरफार डोळ्यांना दिसला नाही, तर बँकेला दोष देणे अवघड होते. चूक झाली तर खाडाखोड करून शेजारी सही करण्याची जुनी पद्धत आता चालत नाही. धनादेशाची प्रतिमाच बँकांमध्ये फिरते, त्यामुळे नाव किंवा रक्कम बदललेला धनादेश परत येतो. ते पान फाडून टाक आणि नवे घे. तळाची छापील अंकांची पट्टी मात्र कोरी राहू दे.

धनादेश घरमालकांच्याच हाती दे आणि पोच घे. देण्यापूर्वी त्याचा सहा अंकी क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम चेकबुकाच्या नोंदीत उतरव. रक्कम ५०,००० रुपयांहून अधिक असल्याने हाच तपशील बँकेच्या ॲपमधून ‘पॉझिटिव्ह पे’मध्ये आधीच कळव, म्हणजे धनादेश वटण्यापूर्वी बँक तो ताडून पाहील. धनादेश तारखेपासून तीन महिने चालतो, तेव्हा तो वटेपर्यंत खात्यातले ६०,००० रुपये हलवू नकोस. मधेच तो हरवल्याचे कळले, तर घरमालकांच्या उत्तराची वाट न पाहता त्याच क्षणी क्रमांक सांगून पैसे थांबवण्याची सूचना बँकेला दे.

तुझी,
आई